भावकीचे गाणे, निवाड्याविना

जमिनीवरून भांडलेले दोन भाऊ पुन्हा एकत्र येतात, हा विषय कोकणातल्या जाखडीला आणि शाहिरी पदाला नवा नाही. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या चाळींत आणि आता इमारतींत राहणाऱ्या चाकरमान्यांच्या घरोघरी तो असतो. गावोगावची ग्रामस्थ मंडळे मुंबईत आहेत, त्यांची नाचमंडळे आहेत, आणि गणपतीच्या आधी दरवर्षी नवी पदे बसवली जातात. या विषयावरची बहुतेक पदे मात्र एका भावाला शहाणा आणि दुसऱ्याला हट्टी ठरवून मोकळी होतात. कोणाचीही बाजू न घेता असे पद लिहायचे, तर भांडणाचा मजकूर, ओळींची रचना आणि समेटाचा प्रसंग अशा तीन ठिकाणी काम करावे लागते. पुढे एक पद टप्प्याटप्प्याने बांधून दाखवले आहे.

आधी भांडण नीट ठरवावे. या पदात आईवडील वारले आहेत. गावाकडच्या एकरभर, म्हणजे 40 गुंठे सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली आहेत. एक भाऊ गावी राहून वीस वर्षे जमीन कसतो आहे. दुसरा घाटकोपरला राहतो, कारखान्यात नोकरी करतो आणि गावी पैसे पाठवतो. गावचा म्हणतो, राबलो मी, तर रस्त्याकडचा भाग माझा. मुंबईचा म्हणतो, माझ्या पैशावर घर उभे राहिले, घर बांधायला रस्त्याकडचाच भाग हवा. एवढे पुरे. भांडणात तिसरे कारण आले, उदाहरणार्थ दारू, जावांचा मत्सर किंवा लबाड दलाल, की त्या कारणाशी जोडलेला भाऊ ऐकणाऱ्याच्या मनात दोषी ठरतो. जावांवर दोष टाकणे तर या प्रकारातले सर्वांत जुने आणि सर्वांत आळशी कलम आहे. त्याने भाऊ सुटतात आणि घरातल्या दोन बायका विनाचौकशी अडकतात.

भावांना नाव काय द्यावे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. थोरला आणि धाकटा म्हटले की मराठी कानाला लगेच दोन अपेक्षा ऐकू येतात: थोरल्याने सोडून द्यावे आणि धाकट्याने मान ठेवावा. मग जो आपल्या वाट्याची अपेक्षा पुरी करत नाही तो चुकला, असा निकाल पहिल्याच कडव्यात लागतो. म्हणून वय न सांगता गावचा आणि मुंबईचा एवढाच फरक ठेवलेला बरा. त्यातही पक्षपात आहेच, पण तो प्रयोगाच्या जागेप्रमाणे फिरतो. मुलुंडच्या सभागृहात श्रोते मुंबईच्या भावाकडे झुकतात, तर शिमग्यात गावच्या सहाणेवर गावच्याकडे. दोन्हीकडे तेच पद उभे राहिले, तर ते समतोल आहे असे समजायला हरकत नाही.

गीतकाराला कायद्याची थोडी माहिती असावी. ती गाण्यात घालण्यासाठी नसते. तिच्यामुळे नकळत खोटे लिहिले जात नाही. सामाईक जमीन एकाच भावाने कसली, तरी सर्वसाधारणपणे तो सगळ्या सहहिस्सेदारांच्या वतीने कसतो असे धरतात, नुसत्या कसण्याने दुसऱ्याचा हिस्सा बुडत नाही. म्हणून ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा या पदात घालू नये. ती कूळकायद्याच्या लढ्यातली आहे. 1948चा मुंबई कूळवहिवाट कायदा आणि 1 एप्रिल 1957चा कृषिदिन हे तिचे खरे संदर्भ, आणि ते जमीनदार व कूळ यांच्यातले. दोन भावांच्या पदात ती टाळीची ओळ म्हणून आली, की गावच्या भावाच्या बाजूने निवाडा झालाच. तसेच रस्त्याला लागून असलेल्या भागाची किंमत एकदा आकड्यात सांगितली, की श्रोता मनातल्या मनात हिशेब करू लागतो आणि मुंबईचा भाऊ लोभी दिसतो.

दुसरी गोष्ट बहिणीची. 9 सप्टेंबर 2005पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे. अनेक घरांत बहिणीने हक्कसोड लिहून दिलेले असते हे खरे. पण पदात ‘दोघांची जमीन’ असे धरून चालणे म्हणजे त्या सहीची बाजू घेणे. भावांमध्ये निष्पक्ष राहिलेले पद बहिणीच्या बाबतीत मात्र निवाडा देऊन बसते, आणि हे सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. बहिणीचे वेगळे कडवे लिहायची गरज नाही, विषय दोन भावांचाच आहे. तिचे नाव उताऱ्यावर आहे एवढे ध्रुपदात आले तरी भागते:

एक उतारा, नावं तीन,
सोळा आणे एक जमीन.

कोकणात जमिनीचा हिस्सा आण्यांत बोलायची रीत आहे, सोळा आणे म्हणजे सगळी जमीन. तिघांत ती वाटली तर प्रत्येकी पाच आणे चार पै येतात. हा हिशेब ध्रुपदात नाही आणि असूही नये. ध्रुपद फक्त कागदावरची स्थिती सांगते, आणि ती दोन्ही भावांना मान्य आहे. बाजू न घेणाऱ्या पदाचे ध्रुपद असे असावे की भांडणाच्या ऐन भरातही दोघांपैकी कोणी त्याला ‘खोटं’ म्हणू शकणार नाही. ‘भाऊ भावाला विसरला’ असे ध्रुपद घेतले की विसरणारा कोण हे शोधण्यातच श्रोत्याचे पुढचे पद जाते.

वरच्या प्रत्येक ओळीत 16 मात्रा आहेत. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. ‘एक उतारा’च्या आठ, ‘नावं तीन’च्या आठ, शेवटचा ‘न’ गाताना लांबतो म्हणून त्याच्या दोन धरायच्या. केरवा किंवा भजनी धुमाळी आठ मात्रांची असते, म्हणजे ठेक्याच्या दोन आवर्तनांत एक ओळ बसते आणि मधे आठांवर नाचणाऱ्यांना पाऊल टाकायला जागा मिळते. गाता गाता ‘बहिणीचा’चे ‘बहिणिचा’ होते, ते चालते. मात्रा मोजण्याचा दुसरा उपयोग इथे अधिक महत्त्वाचा आहे. दोन्ही भावांना तंतोतंत सारखा वेळ मिळाला की नाही, हे त्यातून तपासता येते. गावच्याला चार ओळी आणि मुंबईच्याला सहा, असे झाले तर सहा ओळींवाला भाऊ सफाई देतो आहे असे वाटते. आरोप थोडक्यात होतो आणि बचावाला जास्त शब्द लागतात, हा श्रोत्यांचा रोजचा अनुभव असतो.

गावच्या भावाचे कडवे असे घेता येईल:

वीस आषाढ चिखल तुडवला,
मीच उन्हाळी बांध राखला,
आईसाठी रात्र जागलो,
दिवा घराचा मीच लावला.

यात एकही ओळ दुसऱ्या भावाबद्दल नाही. ‘तू कुठे होतास’ हा प्रश्न मनात येतो, पण तो श्रोत्याच्या मनात, भावाच्या तोंडी नाही. भांडणाच्या पदात हा संयम लेखकाला जड जातो, कारण टोमणा हा शाहिरीचा हातखंडा आहे. पण एकाच्या तोंडी टोमणा आला, की दुसऱ्याला जोरदार उत्तर द्यावे लागते, आणि मग पद सवाल-जवाबाच्या वळणावर जाते. तिथे ज्याचा टोमणा सरस तो जिंकतो. प्रत्येक भावाने फक्त आपण काय केले ते सांगावे. त्याचा दावा जितका भक्कम लिहिता येईल तितका भक्कम लिहावा. बाजू न घेणे म्हणजे दोघांना मिळमिळीत करणे नव्हे, आणि हे फार जणांना उमगत नाही.

आता मुंबईच्या भावाचे कडवे. पहिला खर्डा बहुधा असा होतो:

वीस दिवाळ्या दाम धाडला,
मीच बहिणिचा मांडव केला,
बापासाठी रजा काढली,
दिवा घराचा मीच लावला.

मात्रा बरोबर आहेत, ओळीही तितक्याच आहेत, तरी हे कडवे हरते. दोष तिसऱ्या ओळीत आहे. गावच्याने आईच्या उशाशी रात्र काढली आणि याने रजा काढली. एकाने शरीर झिजवले, दुसऱ्याने फक्त अर्ज दिला. वरच्या दोन ओळीही पैशाच्याच आहेत, त्यामुळे सगळे कडवे पैसा विरुद्ध घाम असे होते, आणि मराठी श्रोता त्या तराजूत नेहमी घामाकडे झुकतो. मुंबईच्या भावाचाही घाम आहे, तो दिसायला हवा. मुलुंड-भांडुपपासून घाटकोपरपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांची रांग होती, तिथे कोकणातली किती माणसे रात्रपाळीला उभी राहिली हे उपनगरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही. तिसरी ओळ बदलली की कडवे सावरते:

रात्रपाळिला पाठ मोडली,

रात्रीला रात्र आली, शरीराला शरीर आले. सुधारणा मात्रांची नव्हती, वजनाची होती. दोन कडवी तोलताना ओळीसमोर ओळ ठेवून असेच पाहावे: काळ सारखा आहे का (वीस आषाढ, वीस दिवाळ्या), शरीर दोन्हीकडे आहे का.

दोन्ही कडव्यांची शेवटची ओळ मुद्दाम एकच ठेवली आहे. गावच्याच्या तोंडी तो तिन्हीसांजेला देवापुढे लावलेला दिवा आहे. मुंबईच्याच्या तोंडी तो त्याच्या पैशातून घरात आलेला विजेचा दिवा आहे. दोघेही खरे बोलत आहेत आणि दोघांनाही दुसऱ्याचा दिवा दिसत नाही. गायकाने इथे खुलासा करू नये. दुसऱ्यांदा ती ओळ येते तेव्हा श्रोत्यांत हलकीशी कुजबुज होते, तेवढी पुरेशी आहे.

कथा कोणी सांगावी? काही जण जमिनीलाच बोलते करतात. तसे केले की जमीन आई होते आणि आई दोघांना फैलावर घेते, मग पदाचे प्रवचन होते. खुद्द आईला निवेदक केले, तर ती कोणाजवळ राहत होती यावरून तिचा कल ठरतो. गावाबाहेर पडलेल्या माणसाच्या एकट्याच्या आवाजात उत्तम पद होऊ शकते. घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहिणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड त्याचे ठळक उदाहरण. पण तिथे विरहाची एकच बाजू आहे आणि तीच तिची ताकद आहे. इथे दोन बाजू आहेत, म्हणून निवेदन शाहिराकडेच ठेवावे आणि त्याने फक्त दिसलेले व ऐकलेले सांगावे. ‘बिचारा’, ‘हट्टाने’, ‘शेवटी’ असे शब्द त्याच्या तोंडी आले की त्याने पक्ष घेतला. ‘शेवटी तो आला’ यातल्या पहिल्याच शब्दात तक्रार आहे.

पुराणातले दाखले जपून वापरावेत, खरे म्हणजे टाळावेत. भावांचे जमिनीचे भांडण म्हटले की महाभारत हाताशी येते, पण त्यात एकाला दुर्योधन व्हावे लागते. राम आणि भरत यांच्यात कोणीच वाईट नाही, म्हणून तो दाखला सुरक्षित वाटतो. तिथे भांडणही नाही, दोघेही राज्य नाकारतात. दोघेही तेच मागतात, ही इथली अडचण त्यात बसतच नाही.

समेटाचा प्रसंग निवडणे सर्वांत अवघड. समेट म्हणजे माफी, अशी सवय झालेली आहे. पण ज्याने ‘चुकलं माझं’ म्हटले तो चुकला, हे श्रोता धरूनच चालतो. दोघांनी एकदम माफी मागितली तर ते नाटकी वाटते. कागदावर सही करून समेट दाखवला तरी अडचण येते. तहसीलदारांपुढे संमतीचे वाटप होते, नोंदणीकृत वाटपपत्र होते, नाहीतर दिवाणी दावा. पण यातले काहीही पदात आले की पहिला प्रश्न येतो: रस्त्याकडचा भाग कोणाला गेला? त्याचे उत्तर म्हणजेच निवाडा. म्हणून पदात जमीन वाटली जाऊ नये. भाऊ बोलू लागले एवढेच घडावे, वाटप नंतर त्यांचे ते करतील.

बोलायला कारण हवे, आणि ते कामाचे असावे. कोकणात मूळ घरी भावकीचा एक गणपती असतो, चाकरमानी त्यासाठी गावी येतात, आणि न बोलणारे भाऊही एकाच आरतीला उभे राहतात. मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगतात, कुठे तिला माटवी म्हणतात, कुठे मंडपी. तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीची शिपटी, काकडी, कवंडळ असे काय काय बांधतात. भरलेली चौकट जड होते आणि वर चढवायला दोन्ही बाजूंनी माणूस लागतो. बांधायला काथ्याचा सुंभ लागतो. कलहाच्या जमिनीतलाच नारळ तिला लटकलेला असतो, पण ते शाहिराने बोलून दाखवू नये. तिसरे कडवे असे:

चौकट धरली दोघांनीही,
बाकी कुणिही बोलत नाही.
एक म्हणाला, “सुंभ राहिला.”
एक म्हणाला, “मीच आणला.”

आधी कोण बोलला हे या ओळींवरून सांगता येत नाही. ‘एक’ आणि पुन्हा ‘एक’. ‘दुसरा म्हणाला’ असेही नाही, कारण मग क्रमाने पहिला आणि दुसरा ठरले असते. समेटाच्या पदात पहिले पाऊल टाकणारा मोठ्या मनाचा ठरतो आणि दुसरा आपोआप लहान, म्हणून पहिले पाऊल झाकलेले बरे. ‘मीच’ दोन्ही भांडणाच्या कडव्यांत दोनदोनदा आला आहे. इथे तो एवढ्याशा कामासाठी येतो. सुंभाचा पीळ जात नाही ही म्हण मात्र इथे चुकूनही आणू नये, ती कोणातरी एकाला लागल्याशिवाय राहत नाही.

यानंतर पुन्हा ध्रुपद, आणि पद संपते. उतारा तोच, नावे तीनच. काहीजणांना हे अपुरे वाटते आणि ते चौथे कडवे जोडतात: भाऊ गळ्यात पडतात, गाव आनंदाने नाचते. त्याने पद खोटे होत नाही, फक्त सैल होते. आणि त्यात ‘गावाने दोघांना समजावले’ असा मजकूर शिरला, तर गावाने काय समजावले हा प्रश्न उरतोच.

प्रयोगात तोल पुन्हा बिघडू शकतो. शक्ती-तुऱ्याची बारी या विषयासाठी नेमकी वाटते, दोन पक्ष समोरासमोर असतातच. पण बारी ही चढाओढ आहे. शक्तीवाल्यांनी एक भाऊ आणि तुरेवाल्यांनी दुसरा घेतला, की टाळ्या मोजल्या जातात आणि रात्र संपेपर्यंत एक भाऊ जिंकतो. म्हणून हे पद एकाच मंडळाने आपल्या पाळीत पुरे गावे. दोन्ही भाऊ एकाच गायकाने म्हणावेत, आवाज बदलू नये. मुंबईच्या भावाला बारीक, नखरेल आवाज देऊन हशा मिळतो, पण कडवे तिथेच पडते. झीलकऱ्यांनी दोन्ही कडव्यांनंतर ध्रुपद सारख्याच वेळा आणि सारख्याच जोराने घ्यावे. ढोलकीवाल्याने एकाच्या शेवटी तिहाई आणि दुसऱ्याच्या शेवटी साधा ठेका दिला तरी फरक पडतो. नंतर बोलणाऱ्याचे म्हणणे कानात राहते, हा क्रमाचा फायदा काढून टाकता येत नाही. वाटून देता येतो. एका प्रयोगाला गावचा आधी, पुढच्याला मुंबईचा. क्रम उलटा केल्यावर पद अडखळले, तर एका कडव्यात दुसऱ्याला दिलेले उत्तर लपलेले असते, ते शोधून काढावे.

तालमीत एक परीक्षा घ्यावी. दोन माणसांना पद वेगवेगळे ऐकवावे, एक गावी राहिलेला आणि एक उपनगरात वाढलेला, आणि विचारावे: चूक कोणाची? दोघांची उत्तरे वेगळी आली, किंवा दोघांनीही उत्तर द्यायला वेळ लावला, तर पद ठीक आहे. दोघांनी एकाच भावाचे नाव घेतले तर कोणत्या ओळीवरून तसे वाटले ते विचारावे. बहुतेक वेळा बोट एकाच ओळीवर जाते, जसे वर रजेच्या ओळीवर गेले.

भांडण गावाकडचे नसून उपनगरातलेच असेल, तर शब्द बदलतात. वेसावे, गोराई, मरोळ अशा गावठाणांत कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची सामाईक घरे आणि जागा आहेत. तिथे सातबाऱ्याऐवजी बहुधा मिळकत पत्रिका आणि सीटीएस नंबर बोलला जातो, बांधाच्या जागी भिंत किंवा अंगण येते. ध्रुपदातला ‘उतारा’ बदलावा लागेल आणि समेटाचे कामही तिथले घ्यावे लागेल. कोळी घरात होडी किनाऱ्यावर ओढायला दोन बाजूंनी माणसे लागतातच. अशा पदात पुनर्विकासाचा बिल्डर आणला तर दोन्ही भाऊ एकदम निर्दोष होतात आणि दोष बाहेर जातो. ती सोय आहे, पण मग ते भावांचे पद राहत नाही.

राहिली नावे. ग्रामस्थ मंडळाच्या कार्यक्रमात समोर बसलेले सगळे एकमेकांना ओळखतात. आडनाव, वाडीचे नाव, गट नंबर, शेताचे टोपणनाव, घराच्या खुणा यांतले काहीही पदात आले की लोक माणूस ओळखतात, आणि गीतकाराने कितीही तोल साधला तरी ते पद त्या घरावर लिहिले असे मानले जाते. त्या वाडीत खरोखर दावा चालू असेल, तर त्या वर्षी हे पद दुसऱ्या गावच्या मंडळाच्या कार्यक्रमात गावे आणि आपल्या मंडळात नेहमीची गौळण घ्यावी.